दर्शनी मूल्याची स्लाइड: शेअर बाजाराच्या शब्दांचे कॅरोसेल करताना ठेवलेल्या नोंदी

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात एप्रिल ते जून २०२५ या काळात आम्ही शेअर बाजारातील शब्द समजावणारे एक कॅरोसेल, म्हणजे एकामागोमाग सरकवत पाहायच्या चित्रांची मालिका, तयार केले. प्रत्येक स्लाइडवर एकच शब्द आणि तोही रोजच्या बोलण्यातल्या भाषेत, एवढीच अट होती. दुसऱ्या गावात कोणी हे काम हाती घेतले, तर आमचे जे आठवडे वाया गेले ते त्यांचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी फारशा न बदलता देत आहे.

१३ एप्रिल

गावातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवसांपासून एक चित्र फिरत आहे. एका कंपनीने ६०० टक्के लाभांश, म्हणजे शेअरधारकांना द्यायचा नफ्यातला वाटा, जाहीर केला आहे, एवढेच त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. आज सकाळी पेपर वाचायला आलेल्या एका कास्तकाराने मोबाइल पुढे धरून विचारले, "मास्तर, सहाशे टक्के म्हंजे लाखाचे सहा लाख भेटते का जी?" कापसाचे पैसे नुकतेच हाती आलेले आहेत आणि त्यांच्या मुलाने शेअर ठेवण्याचे डिमॅट खातेही उघडले आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. मला उत्तर द्यायला अर्धा तास लागला, कारण लाभांश सांगताना दर्शनी मूल्य सांगावे लागले, दर्शनी मूल्य सांगताना भागभांडवल, आणि मग बाजारभाव वेगळा का असतो तेही. हे सगळे चित्रांतून सांगता येईल असे वाटले. माझी पुतणी मोबाइलवर पत्रिका आणि बॅनर तयार करते. मांडणीचे काम तिने घेतले, मजकुराचे मी.

१६ एप्रिल

स्लाइडचा आकार १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवला आहे, म्हणजे उभी स्लाइड मोबाइलचा बराच पडदा व्यापते. अक्षरासाठी मुक्ता हा फॉन्ट घेतला, कारण तो मोफत आहे आणि त्यातली जोडाक्षरे मोबाइलवर तुटत नाहीत. पहिल्या दिवशीची चूक ओळींतल्या अंतराची होती. इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेले अंतर तसेच राहिल्यामुळे 'मूल्य' मधला ऊकार खालच्या ओळीच्या रफारावर बसत होता आणि 'वर्ष' हा शब्द काही ठिकाणी 'वष' असा वाचला जात होता. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवल्यावर ते सुधारले, पण त्यामुळे एका स्लाइडवर सात ओळींपेक्षा जास्त मजकूर मावेना. पुढे कळले की ही मर्यादा उपकारकच आहे, कारण सात ओळींत न मावणारी व्याख्या बहुधा आमच्याच मनात पुरती स्पष्ट नसायची.

२० एप्रिल

पहिल्या वीस स्लाइड वाचनालयात सात जणांना दाखवल्या. त्यात बचत गटाच्या तीन बाया, जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा एक मुलगा, एक निवृत्त एसटी वाहक आणि दोन कास्तकार होते. शब्द अकारविल्हे लावले होते, आणि तीच मोठी चूक ठरली. सुरुवातीलाच आयपीओ आला, 'दर्शनी मूल्य' अकराव्या स्लाइडवर गेले आणि लाभांश सतराव्या. मग ज्या शब्दावर पुढचा शब्द उभा आहे तो वाचकाला नंतर भेटत होता. आठव्या स्लाइडपासून बायांनी पाहणे थांबवले, पण सौजन्याने त्या बसून राहिल्या. शेवटी त्यांच्यातल्या वयस्क काकूंनी सांगितले, "बेटा, तुह्यं चित्र चांगलं हाय, पण एक समजते तंवर दुसरं येते."

वीस शब्दांपैकी बारा बाजूला ठेवले. बुल, बेअर, निफ्टी, सेन्सेक्स, ट्रेडिंग यांचा ६०० टक्क्यांच्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. ते केवळ प्रसिद्ध शब्द म्हणून आले होते. आता आठच शब्द राहिले आहेत: शेअर, दर्शनी मूल्य, बाजारभाव, लाभांश, लाभांश उत्पन्न, स्प्लिट, बोनस आणि रेकॉर्ड डेट. यातले बहुतेक शब्द दर्शनी मूल्याच्या खुंट्याला बांधलेले आहेत. तो खुंटा घट्ट बसला तर बाकीचे आपोआप जागेवर येतील, असे धरून पुढचे काम त्याच स्लाइडपासून सुरू करत आहे. बाजूला पडलेल्या बारा स्लाइडांवर पुतणीचे चार दिवस गेले होते, याची मला मनापासून खंत वाटली.

२७ एप्रिल

दर्शनी मूल्याची पहिली व्याख्या अशी होती: 'शेअरवर छापलेली किंमत. बाजारात मात्र तो वेगळ्या भावाने विकला जातो.' वाक्य सोपे आहे, चूकही नाही, तरी समज पूर्णपणे चुकीची झाली. उदाहरणात १० रुपये दर्शनी मूल्य आणि ९०० रुपये भाव असे आकडे होते. वाहकदादा ताडकन म्हणाले, "दहा छापेल अन् नऊशेले विकते? हे त ब्लॅक झालं ना जी."

त्यांचे बरोबर होते. आमच्याकडे छापील किंमत म्हटले की सरकीच्या बियाण्याचे पाकीट डोळ्यांपुढे येते. पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे हा गुन्हा आहे, आणि जूनमध्ये मागणीचे वाण दुर्मीळ झाले की तसे पैसे घेतले जातात, हे प्रत्येकाने भोगलेले आहे. त्यामुळे 'छापील किंमत' हा शब्द वाचकाच्या मनात कमाल किंमत म्हणूनच उतरला. शिवाय शेअर आता कागदावर छापलेला नसतोच. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर तो डिमॅट खात्यातली नोंद झाला आहे. मी शब्द सोपा निवडला होता, पण त्याच्याबरोबर कोणता अनुभव येईल याचा विचार केला नव्हता.

४ मे

दुसऱ्या प्रयत्नात मी उलट्या दिशेने चुकलो. कमाल किमतीचा गैरसमज होऊ नये म्हणून लिहिले: 'दर्शनी मूल्य म्हणजे कापसाच्या हमीभावासारखा एक ठरलेला आकडा, बाजारातला भाव त्याहून वेगळा असू शकतो.' हमीभाव सर्वांना पाठ असतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि खुल्या बाजारात भाव त्याखाली गेला की लोक हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या सरकारी केंद्राकडे वळत होते. म्हणूनच वाचणाऱ्याने पुढचा प्रश्न केला: भाव दहाच्या खाली गेला तर दहा रुपयांना शेअर परत कोण घेतो?

कोणीच घेत नाही. व्होडाफोन आयडियाच्या शेअरचे दर्शनी मूल्य १० रुपये आहे आणि तो बाजारात अनेक महिने १० रुपयांच्या खाली विकला गेला आहे. दर्शनी मूल्य हा वरचा बांध नाही आणि खालचाही नाही. हमीभावाची उपमा राहिली असती, तर एखाद्याने तळ सापडला असे समजून पडत्या भावात पैसे घातले असते. छापील किमतीच्या चुकीमुळे वाचक फक्त गोंधळला. या चुकीने त्याचे नुकसान झाले असते. ही स्लाइड आम्ही गटावर टाकलेली नव्हती, हे बरे झाले. तेव्हापासून नियम केला आहे की कोणतीही उपमा घेतली की ती कुठे तुटते हे आधी स्वतः शोधायचे आणि तुटण्याची जागा धोक्याची असेल तर ती उपमा सोडून द्यायची.

११ मे

उत्तर सेवा सहकारी सोसायटीच्या गटसचिवांकडून मिळाले. ते सहज स्लाइड पाहायला आले होते. मी दर्शनी मूल्य सांगू लागताच म्हणाले, "अहो मास्तर, हे तर आपल्या भागासारखं झालं. कायले एवढं फिरता?"

आमच्या गावात पीककर्ज घेणारा प्रत्येक जण सोसायटीचा सभासद आहे. कर्ज देताना भागाची रक्कम कापली जाते आणि सभासदाच्या नावावर भाग जमा होतात. समजा एक भाग १०० रुपयांचा आहे, तर तीच त्या भागाची दर्शनी किंमत. सोसायटीने १० टक्के लाभांश दिला तर एका भागावर १० रुपये मिळतात. टक्केवारी भागाच्या किमतीवर काढली जाते, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कंपनीच्या शेअरलाही हीच पद्धत लागू आहे. म्हणजे जो शब्द मी बियाण्याच्या दुकानात आणि कापसाच्या बाजारात शोधत होतो तो लोकांच्या पासबुकातच होता.

मग नियमाप्रमाणे ही उपमा कुठे तुटते ते शोधायला आम्ही दोघे बसलो. सोसायटीचा भाग बाजारात विकता येत नाही. सभासदाने १०० रुपयांना घेतलेला भाग साधारणपणे १०० रुपयांनाच परत होतो, म्हणून तिथे दर्शनी किंमत आणि दिलेली किंमत एकच असते. शेअर मात्र दुसऱ्या माणसाकडून घ्यावा लागतो आणि तो जो भाव मागेल तो द्यावा लागतो. नेमका याच जागी ६०० टक्क्यांचा गैरसमज जन्माला येतो: टक्केवारी सोसायटीच्या सवयीने आपण दिलेल्या पैशांवर धरली जाते, पण ती असते दर्शनी मूल्यावर. सचिवांनी आणखी एक गोष्ट सांगितली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे संस्थेला निबंधकाच्या पूर्वपरवानगीशिवाय १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. ज्यांच्या डोक्यात पंधराची मर्यादा पक्की बसलेली आहे, त्यांना सहाशे हा आकडा चमत्कार वाटणारच.

ही उपमा तुटते, पण जिथे तुटते तिथेच आमच्या वाचकाचा प्रश्न आहे, म्हणून ती ठेवली आणि तुटण्याची जागाही स्लाइडवरच लिहिली. आजचा मजकूर असा आहे: 'दर्शनी मूल्य: कंपनीच्या हिशेबाच्या वहीत एका शेअरची धरलेली रक्कम, जशी सोसायटीच्या एका भागाची असते. हा बाजारातला भाव नाही. भाव याच्या वर असतो, खालीही जाऊ शकतो. लाभांशाचे टक्के यावर मोजतात. मोबाइलवर हे Face Value असे दिसते.'

शेवटचे वाक्य जिनिंगमधल्या मुलाच्या सांगण्यावरून घातले. मराठी शब्द समजला तरी ॲपमध्ये तो शोधायचा कुठे, हे त्याला कळत नव्हते.

१४ मे

लाभांशाची स्लाइड आता एका बैठकीत झाली, कारण तिचा पाया तयार होता. आकडे असे घेतले: दर्शनी मूल्य १ रुपया, बाजारभाव ९०० रुपये, लाभांश ६०० टक्के. एक रुपयाचे सहाशे टक्के म्हणजे शेअरमागे ६ रुपये. दहा शेअर घेणाऱ्याने ९,००० रुपये घातले आणि त्याला ६० रुपये मिळाले. पुढच्या स्लाइडवर, म्हणजे लाभांश उत्पन्नात, तेच आकडे पुढे नेले: ९,००० वर ६० म्हणजे शंभर रुपयांमागे साधारण ६७ पैसे. आधी या दोन स्लाइडांवर वेगवेगळी उदाहरणे होती आणि दोन्हीकडे वाचक नव्याने आकडे लावत बसत होता. तेच उदाहरण चालू ठेवताच वेळ वाचला.

दर्शनी मूल्य १ रुपया का घेतले, असे पुतणीने विचारले. जुन्या काळी शेअर बहुतेक १० किंवा १०० रुपयांचा असे. १९९९ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ही सक्ती काढली आणि कंपन्यांना कमी दर्शनी मूल्य ठेवता येऊ लागले, मात्र १ रुपयाच्या खाली नाही. दर्शनी मूल्य जितके लहान, तितकी तीच रक्कम टक्क्यांत मोठी दिसते: ६ रुपये हे १० रुपयांच्या शेअरवर ६० टक्के असतात आणि १ रुपयाच्या शेअरवर ६०० टक्के. गटावर फिरणाऱ्या चित्रात टक्के लिहिले होते, रुपये लिहिले नव्हते. म्हणून स्लाइडच्या तळाशी एक ओळ घातली: 'टक्के ऐकले की आधी विचारा, शेअरमागे रुपये किती?'

उलट बाजूचे उदाहरणही दिले. एमआरएफच्या शेअरचे दर्शनी मूल्य १० रुपये आहे आणि जून २०२३ मध्ये त्याचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला. या कंपनीने शेअरमागे ३ रुपये असा अंतरिम लाभांश अनेकदा दिला आहे. टक्क्यांत तो ३० होतो; लाखावर मोजला तर फक्त ३ रुपये. वर्षाअखेरचा लाभांश वेगळा आणि त्याहून बराच मोठा असतो, हेही लिहिले. ते सोडले असते तर स्लाइड अर्धसत्य झाली असती.

१८ मे

आजचा दिवस सर्वांत कठीण गेला. स्प्लिट आणि बोनस या दोन्हींत शेअरांची संख्या वाढते आणि भाव त्याच प्रमाणात खाली येतो, म्हणून मी दोन्ही स्लाइडांवर भाकरीचे तुकडे काढले होते. काकूंनी विचारले की दोन्हींत भाकर तेवढीच राहते, तर नावे दोन का? माझ्याकडे एका ओळीचे उत्तर नव्हते.

पुन्हा सोसायटीच्या ताळेबंदाकडे गेलो. समजा कंपनीचे भागभांडवल १ कोटी रुपये आहे, म्हणजे १० रुपयांचे १० लाख शेअर, आणि साठवलेला राखीव निधी ५ कोटी आहे. १० रुपयांचा शेअर २ रुपयांच्या पाच शेअरांत विभागला, तर शेअर ५० लाख होतात, पण भांडवल १ कोटीच राहते आणि राखीव निधीला हात लागत नाही. बदलले ते फक्त दर्शनी मूल्य. हे स्प्लिट झाले. बोनसमध्ये मात्र दर्शनी मूल्य १० रुपयेच राहते. कंपनी राखीव निधीतून १ कोटी काढून भांडवलात टाकते आणि त्या रकमेचे नवे १० लाख शेअर जुन्या शेअरधारकांना देते. भांडवल २ कोटी, राखीव निधी ४ कोटी, बेरीज पूर्वीसारखीच ६ कोटी. फुकट काही आले नाही; एका कप्प्यातले दुसऱ्या कप्प्यात गेले. गटसचिवांना हे ऐकताक्षणी पटले, काकूंना दोन कप्प्यांच्या डब्याचे चित्र काढल्यावर. भाकरीचे चित्र स्प्लिटच्या स्लाइडवर राहिले, बोनसवर डबा आला. स्प्लिटच्या खऱ्या उदाहरणासाठी आयआरसीटीसी घेतली. तिने ऑक्टोबर २०२१ मध्ये १० रुपयांचा शेअर २ रुपयांच्या पाच शेअरांत विभागला.

याच बैठकीत आमची एक गंभीर चूक जिनिंगच्या मुलाने पकडली. मी दोन्ही स्लाइडांवर '१:२' असे प्रमाण लिहिले होते आणि दोन्हीकडे उत्तर सारखेच काढले होते. तसे नसते. बोनस १:२ म्हणजे हातातल्या दोन शेअरांमागे एक नवा. स्प्लिट १:२ म्हणजे एकाचे दोन. शंभर शेअर आणि ९०० रुपये भाव धरला, तर बोनसनंतर १५० शेअर होतात आणि भाव सुमारे ६०० येतो. स्प्लिटनंतर २०० शेअर होतात आणि भाव सुमारे ४५०. दोन्हीकडे एकूण ९०,००० रुपयेच राहतात, पण संख्या वेगळी असते. आता स्लाइडवर प्रमाणाचे चिन्ह एकटे येत नाही. 'दोनामागे एक नवा' आणि 'एकाचे दोन' असे शब्दांत लिहितो. शब्दांत लिहिले की चूक लपत नाही.

२१ मे

रेकॉर्ड डेटच्या स्लाइडवर लिहिले होते: 'या तारखेपर्यंत शेअर विकत घेतलेल्यांना लाभांश किंवा बोनस मिळतो.' हे चूक आहे. त्या तारखेला शेअर आपल्या नावावर असावा लागतो, आणि खरेदी केलेला शेअर नावावर यायला एक कामकाजाचा दिवस लागतो. म्हणून खरेदी किमान एक कामकाजाचा दिवस आधी व्हायला हवी. मी ज्या जुन्या पुस्तकावरून काम करत होतो त्यात दोन दिवस आधी असे होते, कारण तेव्हा सौद्याची पूर्तता दोन दिवसांनी होत असे. जानेवारी २०२३ अखेरीस सर्व शेअरांना टी प्लस वन, म्हणजे सौद्याची पूर्तता पुढच्या कामकाजाच्या दिवशी करण्याची पद्धत लागू झाली आणि साधारणपणे Ex-Date, म्हणजे ज्या दिवसापासून नव्या खरेदीवर लाभांश किंवा बोनस मिळत नाही ती तारीख, व Record Date एकाच दिवशी येऊ लागल्या. म्हणजे माझे वाक्य चूक होते आणि पुस्तकही शिळे झाले होते.

नुसते 'एक दिवस आधी' म्हणून भागत नाही, सुट्ट्या मोजाव्या लागतात. रिलायन्सच्या १:१ बोनसची रेकॉर्ड डेट २८ ऑक्टोबर २०२४ होती आणि तो सोमवार होता. मधले शनिवार-रविवार बाजार बंद असतो, म्हणून शुक्रवार २५ तारीख हा खरेदीचा शेवटचा दिवस ठरला. शनिवारी सवड काढून मोबाइल उघडणाऱ्या माणसाला ही बस चुकलेलीच असते. स्लाइडवर कॅलेंडरच्या चार चौकटी काढून शुक्रवारची चौकट रंगवली.

हे उदाहरण दाखवत असताना जिनिंगचा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने सांगितले की मागच्या वर्षी त्याच्याकडे एका कंपनीचे चार शेअर होते, बोनसच्या सकाळी पडद्यावर भाव निम्मा झालेला आणि लाल आकडा उणे पन्नासच्या आसपास दिसला, आणि घाबरून त्याने सव्वानऊला बाजार उघडताच चारही विकून टाकले. काही दिवसांनी खात्यात चार नवे शेअर दिसले, तेव्हा ते कुठून आले हे त्याला कळले नाही. रेकॉर्ड डेटला त्याचे नाव नोंदीत होते, म्हणून बोनस त्याचाच होता. विकले ते निम्म्या भावातले जुने चार. पैशाचे मोठे नुकसान झाले नाही, पण त्या सकाळी तो जेवला नव्हता, असे त्याने सांगितले. भाव लगेच उतरतो आणि नवे शेअर मात्र मागून येतात, हा मधला काळच फसवा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून जाहीर होणाऱ्या बोनसचे शेअर रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी विक्रीसाठी मोकळे होतात, त्यामुळे हा काळ आता लहान झाला आहे, पण संपलेला नाही. बोनसच्या स्लाइडच्या खाली आम्ही एक ओळ वाढवली: 'त्या दिवशी भाव निम्मा दिसला, तर आधी बोनस किंवा स्प्लिट आहे का ते पाहा.' ही ओळ त्याच्या अनुभवातून आली आहे आणि माझ्या मते संपूर्ण कॅरोसेलमधली सर्वांत उपयोगी ओळ तीच आहे.

२५ मे

आठही स्लाइड गटावर टाकल्या आणि दुपारपर्यंत दोन अडचणी समोर आल्या. पहिली अशी की लोक कॅरोसेल पुढे पाठवत नाहीत, एकच स्लाइड पाठवतात. लाभांश उत्पन्नाची स्लाइड शेजारच्या गावात एकटी पोचली. तिच्यावर '६० भागिले ९,०००' एवढेच होते. ६० कुठून आले ते मागच्या स्लाइडवर राहिले. आता प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात '५/८' असा क्रमांक आहे आणि चालू उदाहरणाचे तिन्ही आकडे एका बारीक पट्टीत वर पुन्हा दिले आहेत. दुसरी अडचण चित्रांची होती. बरीच चित्रे एकत्र पाठवली की व्हॉट्सॲप त्यांची चौकोनी जाळी करते आणि उभ्या स्लाइडचा वरचा-खालचा भाग कापून दाखवते. आमचा मुख्य शब्द सर्वांत वर होता, तो नेमका कापला जात होता. तो मधल्या चौकोनात आणला.

खऱ्या कंपन्यांची नावे किती वापरावीत, यावरही आज चर्चा झाली. सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार, केवळ शिक्षण देणाऱ्यांनी मागील तीन महिन्यांतील भाव वापरून एखाद्या शेअरविषयी पुढचा अंदाज किंवा सल्ला सूचित करू नये. आमचे काम सल्ल्याचे नाही, तरीही हिशेबाच्या उदाहरणात कंपनीचे नाव नको आणि खरे उदाहरण जुन्या घटनेचेच हवे, असे ठरवले. पुतणीने कव्हरवर आजचे चालू भाव असलेला एक पडदा लावला होता, तो काढला. नावे राहिली ती एमआरएफ, व्होडाफोन आयडिया, आयआरसीटीसी आणि रिलायन्स, आणि तीही झालेली घटना सांगण्यापुरती.

१ जून

पेरणीची धावपळ सुरू झाली आहे, म्हणून सगळ्यांना एकत्र बसवण्याची ही शेवटची संधी होती. खर्चाचा हिशेब असा: वाचनालयाच्या भिंतीसाठी आठ स्लाइड ए-३ आकारात रंगीत छापल्या, एका प्रतीला ४० रुपये, म्हणजे ३२०. १:२ ची चूक सापडण्याआधी छापलेल्या सहा प्रती फाडाव्या लागल्या, त्याचे २४० वेगळे गेले. फॉन्ट आणि मांडणीचे ॲप मोफत होते. वेळ साधारण सात आठवडे लागला, त्यातले पहिले तीन आठवडे सुरुवातीच्या वीस स्लाइडांवर आणि दर्शनी मूल्याच्या दोन चुकीच्या व्याख्यांवर गेले. नव्याने करणाऱ्याने दर्शनी मूल्याची स्लाइड आधी लोकांपुढे ठेवली आणि ती पास झाल्यावरच दुसरी केली, तर हे काम तीन आठवड्यांत होईल, असा माझा अंदाज आहे. छपाई मात्र रेकॉर्ड डेटची स्लाइड तपासून झाल्याशिवाय करू नये.

एप्रिलमध्ये पहिला प्रश्न विचारणारे कास्तकार आज आले होते. भिंतीवरच्या चौथ्या स्लाइडपुढे ते उभे राहिले, खिशातून कापसाच्या काट्याची जुनी पावती काढली आणि तिच्या पाठीवर मुलाच्या खात्यातल्या बारा शेअरांचा हिशेब मांडला: दर्शनी मूल्य २, लाभांश २५० टक्के, शेअरमागे ५ रुपये, एकूण ६०. मग पावती माझ्याकडे देऊन म्हणाले, "बरोबर हाय का जी? अन् हे साठ रुपये डिमॅटमधी येते का बँकेत?" हिशेब बरोबर होता. लाभांशाची रक्कम डिमॅटला जोडलेल्या बँक खात्यात जमा होते, हे आमच्या आठपैकी एकाही स्लाइडवर नव्हते. ती ओळ आज संध्याकाळी चौथ्या स्लाइडवर घातली आणि तेवढी एकच प्रत पुन्हा छापायला दिली.